बोटाखालचा कापूस

कारंज्याच्या शांतीलाल शेठच्या पोराला, जिनदासला, नोकरी नेमकी कशाची आहे हे गल्लीत कोणालाच धड सांगता येत नसे. इंजिनीअर म्हणावं तर तो काही बांधत नव्हता. चित्रकार म्हणावं तर चित्रं दुसराच कोणी काढायचा. पुण्याची एक कंपनी मोबाईलवरचे खेळ बनवायची, आणि त्या खेळातलं बटन दाबलं की दाबल्यासारखं वाटलं पाहिजे, नाणं उचललं की उचलल्यासारखं वाटलं पाहिजे, एवढंच जिनदासचं काम. मोबाईलची काच कितीही दाबा, ती काही आत जात नाही. ती आत गेली असं बोटाला पटवून द्यायचं. फसवणूकच म्हणायची, पण कोणाचं नुकसान नसलेली.

"म्हणजे बटन हाय," शांतीलाल शेठनी एकदा नीट समजून घ्यायचा प्रयत्न केला होता, "ते लोक दाबतेत. अन् पगार तुले भेटते?"

"दाबल्यावर बरं वाटलं पाहिजे ना, बाबा."

"बटनाले?"

"दाबणाऱ्याले."

शेठनी मान हलवली. त्यांच्या आयुष्यात बटन दाबलं की दिवा लागायचा, आणि बरं वाटायला तेवढं पुरायचं.

प्रेमाबाईंची, म्हणजे जिनदासच्या आईची, पंचाईत वेगळीच होती. कंपनीत या कामाला 'ज्यूस' म्हणतात असं पोरगा एकदा बोलून गेला, आणि तेवढं एकच तिच्या लक्षात राहिलं. त्यामुळे लग्नाकार्यात कोणी विचारलं की ती सांगायची, "पुण्यात हाय तो, ज्यूसमंदी." ऐकणाऱ्या बाया आदरानं मान डोलवायच्या. मुलाला उन्हाळ्यात रजा मिळत नसेल, हे त्यांना आपोआप समजायचं.

पोळा झाला, त्याच सुमारास एका सकाळी शेठ मंदिरातून आले, चहाचा कप उचलायला गेले आणि कप काही उचलला गेला नाही. त्यांनी हाताकडे पाहिलं. हात बशीजवळ पडलेला होता, दुसऱ्या कोणाचा तरी विसरून राहिल्यासारखा. अकोल्याला नेलं. देवदयेनं लवकर नेलं. पाय परत आला, जीभही थोडी जड होऊन का होईना परत आली. उजवा हात मात्र मागंच राहिला.

जिनदासनं कंपनीला कळवलं आणि घरूनच काम करायची मुभा घेऊन तो कारंज्याला आला. दुकानामागच्या खोलीत, तेलाच्या डब्यांच्या शेजारी त्यानं टेबल टाकलं. पुढं प्रेमाबाई किराणा तोलायच्या, मागं पोरगा बटनं फुगवायचा, आणि मध्ये पलंगावर शेठ भिंतीकडे तोंड करून पडलेले.

अकोल्याच्या डॉक्टरनं जाताना एकच गोष्ट बजावली होती. "हात वापरा. जे परत यायचं ते आता येईल, याच दिवसांत. बसवून ठेवला तर मग बसूनच राहील." आणि दाबायला एक स्पंजचा पिवळा चेंडू दिला होता.

तो चेंडू शेठनी खिडकीत ठेवला. तिथून एक दिवस मांजरानं नेला.

"अवो, दुसरा आणू का?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"कायले? मी का पहिलीत हाय?"

"डॉक्टरनं सांगतलं नाई का?"

"डॉक्टरले म्हणा, चेंडू दाबल्यानं काय व्हते? दाबला तरी चेंडू, सोडला तरी चेंडू."

आता हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर आळस म्हणून सोडून देता आलं असतं. पण तो हात साधा नव्हता. साठच्या सालांत, मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून, शांतीलाल आपल्या बापाबरोबर कारंज्याच्या कापसाच्या बाजारात उभे राहायचे. किन्हीराजा गावाकडची कापसाची गाडी यायची. शांतीलाल बोऱ्यात कोपरापर्यंत हात घालायचे, तळातला मूठभर कापूस काढायचे, दाबायचे, सोडायचे. कापूस हळूहळू फुलून वर यायचा. मग दोन चिमटींत एक पुंजका धरून ओढायचे, धागा किती लांब निघतो ते पाहायचे. आणि मग थांबायचे. डोळे मिटून, श्वासभर. गाडीवाला, हमाल, बैल, सगळेच त्या श्वासभर थांबलेले. मग शेठ बोलायचे. त्यांचं बोलणं फिरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पुढं तो व्यापार गेला, किराणा आला, पण तूर असो की शाबूदाणा, चिमटीत धरल्याशिवाय शेठनी कधी काही विकत घेतलं नाही. अशा हाताला स्पंजचा चेंडू दिला तर तो रागावणारच.

जिनदास हे सगळं लहानपणापासून ऐकून होता. त्यामुळे त्याला जे सुचलं ते तसं सोपंच होतं. कंपनीचे खेळ तपासायला त्याच्याकडे एक मोठा टॅब होता. त्याच्यावर बाबांसाठी एक खेळ करायचा. कापूस वेचायचा खेळ. बोंडावर बोट ठेवायचं, ओढायचं, कापूस झोळीत टाकायचा. हाताला काम मिळेल आणि शेठना चेंडूसारखा अपमान वाटणार नाही.

दोन-तीन संध्याकाळी बसून त्यानं खेळ उभा केला. हिरवं झाड, त्याच्यावर पांढरे गोळे. गोळ्याला बोट लावलं की गोळा गायब आणि झोळीवरचा आकडा एकानं पुढं.

"बाबा, हे पाहा बरं."

शेठनी भिंतीवरची नजर काढली. उजवा हात पोरानं उचलून टॅबवर ठेवला. शेठनी सगळा जोर लावून तर्जनी एका गोळ्यावर नेली. गोळा गायब झाला.

शेठनी रिकाम्या फांदीकडे पाहिलं.

"कुठी गेला?"

"झोळीत."

"कधी?"

जिनदासनं झोळीवरच्या आकड्याकडे बोट दाखवलं.

"मेलेला हाय हा कापूस," शेठ म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

त्या दिवशी जिनदासला स्वतःचीच लाज वाटली. परक्या लोकांच्या खेळातली दोन दमडीची नाणी त्यानं आठवडाभर घासून गोजिरी केली होती, आणि बापाच्या हातात मात्र कच्चा माल ठेवला होता. हलवायाच्या पोरानं घरच्यांना कालची जिलबी द्यावी तसं झालं.

मग तो इरेला पेटला.

पहिलं काम, कापूस जिथून निघतो तिथून झोळीपर्यंत त्याला दिसेल असं न्यायचं. इथला आणि तिथला ठिकाणा सांगायचा आणि मधला रस्ता यंत्राकडून भरून घ्यायचा, याला त्यांच्या धंद्यात 'ट्वीन' म्हणतात. पण रस्ता नुसता भरून भागत नाही. एकाच चालीनं गेलेली वस्तू फळीवरून सरकवल्यासारखी दिसते. खरी वस्तू झटकन निघते, पोचता पोचता मंदावते, कधी जागेच्या जरा पुढं जाते आणि परत येऊन बसते. दुसरं काम दबण्या-ताणण्याचं. कापूस ओढला की लांब झाला पाहिजे, आणि लांब झाला की तेवढाच बारीक. झोळीत पडला की चपटा, आणि चपटा तेवढाच रुंद. वस्तूचं अंग तेवढंच राहिलं पाहिजे. नाहीतर ती दबली असं वाटतच नाही, नुसती लहान-मोठी झाल्यासारखी वाटते.

हे सगळं त्यानं केलं, आणि इथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण मायेचं आणि मिठाचं प्रमाण त्याला कधीच जमलं नव्हतं. कापूस निघाला की त्यानं चांदण्या उडवल्या. झोळीत पडला की धप्प आवाज दिला. टॅब थरथरवला. पडद्यावरचं सगळं शेतच्या शेत हादरवलं. आणि कुठं कमी पडू नये म्हणून मधूनच बोंडातून डोकं काढणारी एक शेंदरी बोंडअळी घातली. तिच्यावर बोट मारलं की ती पचकन चपटी व्हायची.

आधी कोणावर तरी पारखून पाहायचं म्हणून त्यानं गोजराबाईला गाठलं. गोजराबाई कारंज्याबाहेरच्या माळ्याच्या मळ्यातली. रोज सकाळी भाजीची पाटी घेऊन दुकानाच्या पायरीवर टेकायची, प्रेमाबाईंशी वांग्यांवरून भांडायची, आणि भांडण जिंकलं की चहा प्यायची. हरली तरी प्यायची.

"हे काय व्हय, जिनूभाऊ?"

"कापूस हाय. वेचा."

"दिवसभर वाकून वाकून कंबर गेली, अन् तू मले मोबाईलात वेचाले लावून राह्यला!" असं म्हणत तिनं बोट लावलं. कापूस ताणला, सुटला, झोळीत धप्प पडला, चांदण्या उडाल्या. "बाप्पा!" तिनं दुसरा वेचला. तिसरा वेचला. एवढ्यात अळीनं डोकं काढलं. गोजराबाईनं तिला असं बोट हाणलं की टॅब पाटीत जाऊन वांग्यांवर पडला.

"चेंदलं भोकनीचीले! दरसाली आमचा कापूस खाते! आनखीन निघते का?"

ती अळ्यांमागं लागली ते चहा निवला तरी उठेना. जिनदास खूश. त्याच आनंदात त्यानं टॅब आत नेला.

शेठनी बोट ठेवलं. बोट नेहमीसारखं कापत होतं, जोर लावला की ते कापायचंच. कापूस सुटला, आणि सगळं शेत हादरलं. टॅब हातात थरथरला. शेठनी चटकन बोट काढून घेतलं, जसं काही चटका बसला.

"काय झालं, बाबा?"

"माह्या हातानं सारंच हाललं." आवाज अगदी बारीक होता. "इतका कापते का रे माहा हात?"

"नाई बाबा, तो खेळ हालते. म्या हालवला."

"तू कायले हालवशीन?"

ह्याला धंद्यात उत्तर होतं, घरात नव्हतं. तेवढ्यात पडद्यावर अळीनं डोकं काढलं आणि टॅब सावरायला गेलेल्या जिनदासचाच अंगठा तिच्यावर पडला. पचक.

प्रेमाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं. ओठांतल्या ओठांत णमोकार सुरू झाला.

"आई, खोटी हाय ती!"

"मरली तं खऱ्यावानी!" प्रेमाबाई म्हणाल्या. "सांजीले दिवा लागाच्या आत जेवतो आपण, जीव मरू नये म्हनून. अन् तू इथं बापासमोर किडे चेंदून राह्यला? तेही मजा यावी म्हनून?"

खरं तर जिनदाससारख्या घरच्या पोरानं ही चूक करायला नको होती. पाणी गाळून पिणाऱ्या जैन घरात तो वाढला होता. पण पुण्यात इतकी वर्षं लोकांच्या बोटांखाली कायकाय पचापचा फोडून पगार घेतला होता, की चिरडलं म्हणजे मेलं हे तो विसरूनच गेला होता. धंदा चांगला जमू लागला की माणूस असलं काही विसरतो.

शेठनी मात्र उजवा हात डाव्या हातानं उचलून पांघरुणाखाली ठेवला.

हे वाईट झालं. रागावले असते, चेंडूसारखं खिडकीत ठेवून दिलं असतं, तर चाललं असतं. पण हात लपवला. दुसऱ्या दिवशी जेवतानाही लपवला. डाव्या हातानं घास घेताना प्रेमाबाईंकडे न पाहता घेतला. डॉक्टरनं सांगितलेले दिवस चालले होते, आणि जो हात जरातरी हलत होता तो आता पोराच्या कर्तबगारीनं पांघरुणाखाली गेला होता.

जिनदासनं हादरणं काढून टाकलं. चांदण्या काढल्या. धप्प काढून कापूस कापसावर पडल्याचा आवाज ठेवला, म्हणजे जवळजवळ नाहीच. अळी काढायला गेला, पण तिचं ते डोकं काढणं त्याला आवडलं होतं. मग त्यानं तिला मरू देणंच बंद केलं. बोट लावलं की ती अंग ताणायची, आखडायची, पुन्हा ताणायची, आणि तसंच वळवळत पानामागं निघून जायची. दबण्या-ताणण्याचं गणित तेच, फक्त ती आता त्यावर चालत होती.

टॅब त्यानं पलंगावर नुसता ठेवून दिला. पुढं दुकानात जाऊन आईला शेंगदाणे तोलू लागला.

थोड्या वेळानं आतून शेठचा हसण्याचा आवाज आला. पोळ्यानंतरचा पहिला.

"पाहा ना, अळी चालली," ते स्वतःशीच म्हणत होते. "जाय माय, जाय."

प्रेमाबाईंचं तागडं तसंच अधांतरी राहिलं. जिनदास हळूच दारापर्यंत गेला. शेठ उशीला टेकून बसले होते, चेहरा उजळलेला, झोळी भरत आलेली. आणि वेचत होता डावा हात. उजवा पांघरुणाखाली.

जिनदास तसाच मागं फिरला.

"काय झालं?" प्रेमाबाईंनी विचारलं.

"खेळून राह्यले."

"मंग तोंड काहून असं केलं?"

"डाव्यानं."

प्रेमाबाईंनी शेंगदाणे ओतले, पुडी बांधली, गिऱ्हाइकाला दिली. मग म्हणाल्या, "डाव्याले दुसरं काम दे ना मंग. बाई पोळी करते तं एक हात लाटते अन् एक हात पीठ आवरते. रिकामा हात ठेवला का तो भलतीकडे जाते."

आई ज्यूसमध्ये असती तर पुण्याची कंपनी कुठल्या कुठं गेली असती, असं जिनदासच्या मनात आलं. पण ते बोलला असता तर तिनं ते पुढच्या लग्नात सांगितलं असतं, म्हणून गप्प राहिला.

त्यानं झाडाच्या फांद्या उंच केल्या. डाव्या कोपऱ्यात एक फांदीचं बटन ठेवलं. डाव्या अंगठ्यानं ते दाबून धरलं की फांदी खाली वाकते; सोडलं की वर. बटनावर त्यानं जीव ओतला. बोट टेकल्या क्षणी ते दबायचं, बोट उचलायची वाट पाहायचं नाही, कारण माणूस दाबतो तेव्हाच त्याला उत्तर पाहिजे असतं. दाबून धरलं तोवर अंगठ्याखाली चपटं, रुंद होऊन बसायचं. सोडलं की उसळायचं, जरा जास्तच उंच, मग जागेवर. फांदीही तशीच, सोडली की डुलत डुलत थांबणारी. आता डावा हात अडकला. वेचायला राहिला उजवा.

शेठना ही फसवणुकीची शक्कल लगेच कळली. व्यापारी माणूस.

"अस्सं!" ते म्हणाले. "पोट्टं हुशार झालं."

पण पांघरुणाखालून हात निघाला. एवढं मोठं मन त्यांनी केलं, आणि पुढं जे झालं ते पाहवेना. बोट कापत कापत कापसावर जायचं, टेकायचं, आणि ओढायच्या आत निसटायचं. कापूस परत बोंडात. पुन्हा टेकायचं, पुन्हा निसटायचं. खेळाच्या हिशेबानं बोट उचललं म्हणजे सोडलं. खेळ चुकत नव्हता. शेठच्या कपाळावर घाम आला.

"राहू दे," ते शेवटी म्हणाले. "नाई धरत तो. तुह्या कापसाचा दोष नाई."

जिनदास टेबलाशी येऊन बसला. तेलाच्या डब्यांकडे पाहत राहिला. बोट निसटतं, कारण ते टेकल्याबरोबर खेळ पुढं पळतो. तरण्या बोटांसाठी बांधलेला खेळ, तो कशाला थांबेल? तसं थांबणं त्याच्या धंद्यात होतं. काहीतरी जोरात आदळलं की सगळं चित्र क्षणभर गोठवायचं, डोळ्याची पापणी लवेल तेवढंच. मग घाव बसल्यासारखा वाटतो. पण ते घाव घालण्यासाठी. कापसाला कोण घाव घालतं?

आणि मग त्याला आठवलं ते त्यानं स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं, नुसतं ऐकलेलं होतं. बोऱ्यातून काढलेली मूठ. मिटलेले डोळे. गाडीवाला थांबलेला, हमाल थांबलेला, बैल थांबलेले. बाजारात एकेकाळी या हातासाठी जग श्वासभर थांबायचंच की.

त्यानं टॅब ओढला. उजवं बोट कापसाला टेकलं की सगळं थांबेल असं केलं. वारा, फांदी, पानामागं चाललेली अळी, सगळं. पापणीपेक्षा जरा जास्त वेळ. आणि त्या थांबलेल्या वेळात बोट निसटलं, उचललं गेलं, कापलं, तरी त्याचा हिशेब धरायचा नाही. कापूस तेवढ्यात बोटाखाली हलकेच दबेल, म्हणजे धरला गेला हे बोटाला कळेल. मग जग सुरू होईल तेव्हा कापूस बोटाच्या मागंमागं ताणत येईल, बोट जरा इकडंतिकडं झालं तरी त्याला शोधत. सुरुवातीला थांबणं जास्तच लांबलं, खेळ बंद पडल्यासारखा वाटला. कमी केलं तर बोट पुन्हा निसटेल एवढं झालं. तो शेठच्या बोटासारखं स्वतःचं बोट कापवून पाहत होता, आणि प्रेमाबाई दारातून आत बघून "याले काय झालं आता?" म्हणून गेल्या.

शेठ तयार नव्हते. "राहू दे म्हनलं ना."

"एक डाव, बाबा. मंग नाई म्हनत."

डाव्या अंगठ्याखाली बटन दबलं. फांदी वाकली. उजवं बोट कापत निघालं, बोंडापाशी आलं, टेकलं.

आणि सगळं थांबलं.

शेठनी वर पाहिलं नाही. बोट थरथरलं, काचेवरून सुटलं, पुन्हा टेकलं. खेळानं काही पाहिलं नाही असं केलं. कापूस बोटाखाली जरासा दबला. मग वारा सुटला, फांदी डुलली, आणि शेठनी बोट खाली आणलं तसा कापूस लांब, बारीक होत मागं आला. सुटला. झोळीत पडून चपटा झाला, फुलला.

शेठनी मग दुसरा वेचला. मग अळी निघाली, तिला हलकेच बोट लावून वाटेला लावली. मग तिसरा.

"हा थांबते," ते म्हणाले.

"हो."

"माह्यासाठी?"

जिनदासनं मान डोलवली.

शेठनी चौथा कापूस वेचला. "आम्ही बाजारात असे थांबो," ते म्हणाले, खूप सावकाश, जड जिभेनं, जणू पोराला नवीन काही सांगत आहेत. "मूठ दाबून. गाडीवाले म्हनत, शेठ झोपले काय? झोपत नव्हतो. हाताचं ऐकून राह्यलो असे." मग तोंड वाकडं करून, "पन तुह्या कापसात खोट हाय."

"ऑं?"

"दबल्यावर खरा कापूस असा टनकन वर येत नाई. टनकन येते तो रबर. वला असला तं येतच नाई. चांगला वाळलेला असन तं हळूच येते. झोपेतून उठल्यावानी. हा ना धड वला ना धड वाळला. कोनं घ्याचा असा माल?"

जिनदासनं तिथंच बसून कापसाचं वर येणं मंद केलं. सुरुवातीला जरा घाई, शेवटी अगदी रेंगाळत. शेठनी पाहिलं. "अजून." आणखी मंद केलं. "लई झालं. आजारी वाटते." थोडं कमी केलं. बाप माल नापास करत होता आणि पोरगा पुन्हा पुन्हा बोऱ्यात हात घालत होता. पुढं प्रेमाबाई गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "बसले दोघं बापलेक. ज्यूस करून राह्यले."

दिवाळी आली, गेली. उजव्या हाताची बोटं आधी काचेवर टिकू लागली, मग जिनदासनं थांबण्याचा वेळ गुपचूप थोडा थोडा कमी केला. शेठना ते कळलं की नाही कोण जाणे. एक दिवस ते म्हणाले, "घाईत हाय का आज तुहा खेळ?" म्हणजे कळत होतं. पण वेचायचे.

एका सकाळी गोजराबाई पाटी टेकवून पायरीवर बसली आणि पदरातून दोन-चार बोंडं काढली. पांढरी, फुटलेली, काटेरी टोकांची. "दिराच्या वावरातली हायेत. शेठजीले म्हना, खरी घ्या आता. मोबाईलातल्यानं का वाती व्हतेत?"

प्रेमाबाईंनी बोंडं आत नेऊन पलंगावर ठेवली. जिनदास टेबलावरून उठला आणि मग मुद्दामच पुन्हा बसला, पाठ करून, कानात काही घातल्यासारखं.

शेठनी डाव्या हातात बोंड धरलं. उजवा हात निघाला. बोटं बोंडाच्या टोकाला लागली, कापली. खरं बोंड काही कोणासाठी थांबत नाही. पण शेठच थांबले. श्वासभर. मग अंगठा आणि तर्जनी कापसावर मिटली आणि त्यांनी ओढलं. एका पाकळीतला कापूस ताणत ताणत बाहेर आला, थोडा बोंडातच अडकून राहिला.

शेठनी तो मुठीत घेतला. मूठ पुरती मिटली नाही. जेवढी मिटली तेवढी मिटली. त्यांनी डोळे मिटले.

जिनदास मागं वळून पाहत होता. प्रेमाबाई दारात होत्या, त्यांच्यामागं गोजराबाई, हातात चहा तसाच. कोणी हललं नाही.

मूठ उघडली. कापूस हळूच वर येऊ लागला, झोपेतून उठल्यावानी, पण पुरता फुलला नाही.

"गोजराबाई," शेठ डोळे न उघडता म्हणाले.

"हां जी?"

"दिराले म्हना, अजून दोन दिवस वाळू दे."